न बोलता आलेलं चित्र, आणि त्याला द्यायचं उत्तर

प्रश्न: ताई, मी सिंहगड रोडवरच्या एका बालवाडीत मोठ्या गटाला शिकवते. काल रात्री साडेनऊला एका मुलीच्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीच्या चित्राचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नाही. चित्रात मधोमध एक मोठी बाई आहे, कोपऱ्यात छोटासा माणूस आहे, दोघांनाही हात नाहीत, आणि वरून काळ्या रंगाने जोरजोरात गिरगटलंय. मी दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. नुसतं ‘छान’ म्हणावं तर थातुरमातुर वाटतं, काही विचारावं तर आई घाबरेल असं वाटतं. काय लिहू?

उत्तर:

आधी पाठवायचा मेसेज देते, म्हणजे तुमची आजची सकाळ मोकळी होईल. मुलीला आपण इथे चिऊ म्हणू.

“चिऊचं चित्र मिळालं, आवर्जून पाठवलंत, छान वाटलं. मधोमध काढलेल्या त्या मोठ्या माणसाच्या कपड्यांवर केवढे ठिपके काढलेत तिने! आणि वरच्या गडद रेघा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्यात. काढताना ती काही बोलत होती का? आठवत असेल तर सांगा, नसेल तरी काही हरकत नाही. तिला मुद्दाम विचारू नका. चिऊला सांगा, ताईने चित्र नीट बघितलं. मूळ कागद शाळेत आणावासा वाटला तर आणू दे तिला.”

ठिपके मी माझ्या मनाने घातलेत. तुमच्या फोटोत जे खरोखर दिसतंय ते तिथे लिहा: कानातले असतील, केसांच्या रेघा असतील, सात बोटांचा पाय असेल. बाकीचं वाक्य न् वाक्य मी का तसं लिहिलंय ते सांगते, कारण पुढच्या वेळी चित्र वेगळं असेल आणि मेसेज तुम्हालाच रचायचा आहे.

आईने काहीच लिहिलं नाही, यावरून आपण लगेच तिच्या मनात शिरायला बघतो. पण रात्री साडेनऊच्या पुण्यातल्या घरात काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. चिऊने “ताईला पाठव, आत्ता पाठव” असा धोशा लावला असेल आणि आईने एका हाताने पोळ्यांचा डबा झाकत दुसऱ्या हाताने फोटो काढून पाठवला असेल. तिला लेकीचं कौतुक वाटलं असेल, पण स्वतःच्या मुलीचं कौतुक स्वतःच काय लिहायचं म्हणून ती थांबली असेल. चित्र आजीला पाठवायचं होतं आणि बोट चुकून तुमच्या नावावर पडलं, असंही होतं. किंवा ती खरंच धास्तावली असेल, पण “हे बघून मला भीती वाटली” हे लिहायचा तिला धीर झाला नसेल. यातलं नेमकं काय ते तुम्हाला कळायला काहीच मार्ग नाही, आणि कळायची गरजही नाही. उत्तर असं हवं की यातल्या प्रत्येक आईला ते चालेल. कौतुकाची अपेक्षा असलेल्या आईला चित्र पाहिल्याची पावती मिळेल. धास्तावलेल्या आईला बोलायला फट मिळेल. आणि जिची नुसती घाई होती तिच्यावर उत्तर देण्याचं ओझं पडणार नाही. म्हणून “नसेल तरी काही हरकत नाही” हे शब्द गाळू नका.

निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर गेलं नाही याचं दडपण तुमच्यावर आलेलं दिसतंय. रात्री उशिरा फोटो आला तर “मिळालं हं, सकाळी निवांत बघून लिहिते” एवढं पुरतं. नुसता बदाम किंवा टाळ्या पाठवू नका. त्यात बोलणं तिथेच संपतं, आणि धास्तावलेल्या आईला तर तुम्ही चित्र न बघताच बोट दाबलंत असं वाटू शकतं.

आता चित्राकडे वळू. खरं तर आपल्याकडे चित्र नाहीच, चित्राचा फोटो आहे, आणि हा फरक मोठा आहे. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत गडद निळा आणि जांभळा मेणखडू हमखास काळा दिसतो, विशेषतः जोर देऊन एकावर एक थर दिले असतील तर. म्हणून मेसेजमध्ये मी ‘काळ्या’ ऐवजी ‘गडद’ लिहिलं. दुसरं, या वयाची मुलं जमिनीवर बसून, कागद फिरवत, कधी स्वतःच कागदाभोवती फिरत काढतात. फोटोत कुठली बाजू वर आली ते आईने फोन कसा धरला त्यावर ठरतं. तुम्हाला जो ‘कोपऱ्यातला माणूस’ वाटतोय तो तिने कागद उलटा धरून आधी काढलेला असू शकतो. तिसरं, घरात मोठा भाऊ असेल तर त्या कागदावरच्या सगळ्या रेघा चिऊच्याच आहेत हेही धरून चालता येत नाही. मूळ कागद हातात घेतला की यातलं बरंच समोर येतं: मागे खडूचा दाब उमटलाय का, कुठली रेघ कुठल्या रेघेवरून गेलीय, पाठकोऱ्या कागदावर मागचं छापील काही तिने गिरवलंय का. फोटोत हे काही नसतं.

तुम्हाला ज्या चार गोष्टी खटकल्या, त्या चारही या वयाच्या चित्रांत इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांवर जरा थांबते.

हात नसणं घ्या. साडेतीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा बहुतेक वेळा एक मोठा गोल आणि त्यातून थेट खाली आलेले दोन पाय काढतं. धड नसतं, हात असले तर डोक्यातूनच फुटतात, आणि पुष्कळदा नसतातच. पुढे धड येतं तरी हात बराच काळ येत-जात राहतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फ्रीमन यांनी १९७०च्या दशकात याकडे फार बारकाईने पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की चित्र काढताना मुलाला माणसाचे अवयव एका क्रमाने आठवत, कागदावर जागा शोधत मांडायचे असतात. डोकं ही सुरुवात आणि पाय हा शेवट, ही दोन टोकं पक्की लक्षात राहतात, मधलं गळतं. हात मधले. म्हणजे हात गळण्यामागे आखणीची साधी अडचण असते. त्याच मुलीला विचारा, “हा चेंडू कशाने पकडेल?” की ती पटकन दोन काड्या जोडेल. अर्थात असं विचारून चित्र पुरं करून घ्यायचं नसतं. पण हात तिला ठाऊक असतात, एवढं यातून कळतं.

छोटा माणूस आणि मोठी बाई. मूल सहसा एक आकृती आधी काढतं आणि ती भरपूर जागा खाते, कारण उरलेल्यांसाठी जागा राखायची असते हे गणित त्या वयात आलेलं नसतं. दुसऱ्याला उरलेल्या कोपऱ्यात बसावं लागतं. शिवाय मोठ्या आकृतीत ठिपके, बांगड्या, डोळ्यांच्या पापण्या असं खूप काही भरायचं असेल तर तिचा गोल आधीच मोठा काढला जातो. चित्रातला आकार म्हणजे घरातलं स्थान, हे समीकरण ऐकायला फार पटण्यासारखं आहे. म्हणूनच ते इतकं पसरलं, आणि म्हणूनच त्यापासून जपून राहायला हवं. तुम्ही मोठ्या आकृतीला ‘बाई’ म्हटलंत. मी मेसेजमध्ये तेही टाळून ‘मोठं माणूस’ म्हटलं. एकदा का तुम्ही ‘आई किती मोठी काढलीय’ असं लिहिलंत, की कोपऱ्यातला आपोआप ‘बाबा’ होतो, आणि मग बाबा एवढासा का, हा प्रश्न त्या घरात तुम्ही नेऊन ठेवलेला असतो. तो कदाचित चिऊचा मामा असेल. कदाचित वॉचमनकाका.

काळ्या गिरगटण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यालाच. पांढऱ्या कागदावर काळा सगळ्यात ठसठशीत उठतो, आणि मुलांना आपल्या हाताने काहीतरी जोरात उमटलंय याचा आनंद असतो. डब्यातला पिवळा आणि गुलाबी आधी झिजून संपतात, काळा लांबच्या लांब शिल्लक असतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मुलांचं चित्र पुष्कळदा एखाद्या क्षणाचं नसतंच, त्या कागदावर अख्खी घटना घडत असते. घर काढलं, माणसं काढली, मग पाऊस आला आणि सगळ्यावरून रेघा. गाडी काढली, ती निघाली आणि धुराने सगळं झाकलं. चित्र संपल्यावर आपल्याला दिसतो तो शेवटचा थर. खाली काय झालं ते काढणाऱ्याला माहीत आणि तेव्हा शेजारी बसलेल्याला माहीत. आपल्याकडे पोचतो तो सगळं होऊन गेल्यानंतरचा कागद. म्हणूनच मी आईला “काढताना ती काही बोलत होती का?” एवढंच विचारायला सांगते.

आता तुम्ही म्हणाल, काळ्या रंगाबद्दल काही संशोधन आहे ना? आहे. एका अभ्यासात चार ते अकरा वर्षांच्या मुलांना आकृत्या रंगवायला दिल्या आणि सांगितलं की हा माणूस चांगला आहे, हा दुष्ट आहे. चांगल्याला मुलांनी आपला आवडता रंग दिला आणि दुष्टाला सगळ्यात जास्त वेळा काळा. हे खरं आहे. पण तिथे मुलांना आधीच सांगितलं होतं की हा दुष्ट आहे. त्यावरून उलट्या दिशेने, काळा दिसला म्हणजे काहीतरी वाईट आहे, असं म्हणता येत नाही. काळे केस, काळी मांजर, रात्र, टायर, विठोबा, सगळं काळंच असतं.

चित्रावरून मन ओळखण्याचा हा सोस आला कुठून, तेही सांगते, कारण पालकांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं असतं आणि ते आपल्याला विचारतात. १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलांना माणूस काढायला सांगून, त्यात किती तपशील आलेत ते मोजून बौद्धिक वाढीचा अंदाज घेण्याची चाचणी तयार केली. त्यात भावनांचा अर्थ लावणं नव्हतं, तपशिलांची मोजणी होती. पुढे १९४९ मध्ये कॅरन मॅकोव्हर यांनी त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन मांडलं की आकृतीचा आकार, जागा, गाळलेले अवयव यांतून काढणाऱ्याचा स्वभाव आणि मनातले ताण दिसतात. हात नाहीत म्हणजे अमुक, डोकं मोठं म्हणजे तमुक, हा प्रकार तिथून फोफावला. १९५७ मध्ये क्लिफर्ड स्वेन्सन यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मॅकोव्हर यांच्या बहुतेक दाव्यांना फारसा आधार सापडला नाही. सुट्या खुणांवरून अर्थ काढण्याची बाजू त्यानंतरही भक्कम झालेली नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आजही मुलांना चित्र काढायला लावतात, पण ते मूल समोर बसलेलं असताना, त्याच्याशी बोलत, घरच्यांची माहिती आणि इतर तपासण्या यांच्या जोडीने. फोनवर आलेल्या एका फोटोवरून कुणीही, अगदी त्या विषयातला तज्ज्ञसुद्धा, काही सांगू नये. आपण तर बालवाडीच्या ताई आहोत.

चित्राचा अर्थ मुलाकडूनच कळेल, असं वाटतं. त्यालाही मर्यादा आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने असाच एक फोटो पाठवला होता, जूनचे दिवस होते. कागदभर काळे ठिपके, कोपऱ्यात एक लाल डाग, बाकी काही नाही. मी दिसलं ते लिहिलं आणि वरचाच प्रश्न विचारला. आईचं उत्तर आलं, “मुंग्या म्हणत होता.” दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन तो शाळेत आला आणि माझ्या मांडीजवळ बसून म्हणाला, ही पालखीची गर्दी आहे, आणि लाल म्हणजे आपण. आदल्या रविवारी ते सगळे पालखी बघायला गेले होते. दुपारी त्याने त्याच कागदाला मैत्रिणीसमोर ‘पाऊस’ म्हटलं. तिन्ही उत्तरं त्या त्या वेळी खरीच होती. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज ल्यूके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून अभ्यासली, आणि त्यांनी हे नीट टिपलंय की लहान मूल पुष्कळदा आधी रेघा काढतं आणि मग त्यात काहीतरी दिसलं म्हणून त्याला नाव देतं. ते नाव नंतर बदलतंही. म्हणून चिऊ जे सांगेल ते ऐका, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, पण ते ‘उत्तर सापडलं’ अशा थाटात धरून बसू नका. आणि ती काहीच बोलली नाही तर तेही पूर्ण आहे.

आता मेसेजच्या घडणीबद्दल दोन-तीन गोष्टी. गडद रेघांचा उल्लेख मी मुद्दाम केला. तुम्ही ठिपक्यांचं कौतुक केलंत आणि अर्ध्या कागदावर पसरलेल्या रेघांबद्दल चकार शब्द काढला नाहीत, तर जिला त्यांचीच भीती वाटलीय त्या आईला कळेल की ताईनेही ते पाहिलं आणि टाळलं. मात्र रेघांबद्दलचं वाक्य ठिपक्यांच्या वाक्याच्याच सुरात हवं. दोन वाक्यांमध्ये ‘आणि’ ठेवा. ‘पण’ घातलात की तक्रार झाली: “ठिपके छान आहेत, पण वर खूप गिरगटलंय.” नवीन शिक्षिकांचे मेसेज तपासताना मी सगळ्यात आधी हा ‘पण’ शोधते. ‘जोरजोरात’, ‘रागाने’, ‘अस्वस्थ’ असे शब्दही गाळा. तुम्ही प्रश्नात ‘जोरजोरात’ लिहिलंय. रेघा जाड दिसतायत एवढंच आपल्याला माहीत आहे. तिचा हात तेव्हा कसा चालत होता ते आपण पाहिलेलं नाही.

“तिने काळा का वापरला?” असं विचारू नका. ‘का’ विचारला की आई तो प्रश्न घेऊन मुलीकडे जाणार, मुलगी गांगरणार, आणि काहीतरी उत्तर द्यायलाच हवं म्हणून काहीतरी देणार. साडेचार वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाला काय ऐकायचंय याचा फार चटकन अंदाज येतो. “घाबरली होतीस का गं?” या प्रश्नाला ‘हो’ येण्याची शक्यता भरपूर, आणि मग त्या ‘हो’चं करायचं काय?

समजा आईने दुपारी लिहिलं: “लाइट गेले म्हणत होती. पण ताई, तो काळा रंग बघून मला कसंतरीच झालं. आणि बाबा एवढेसे का काढले असतील? हे सध्या कामासाठी बेंगळुरूला असतात.” आता खरी कसोटी इथे आहे. हात शिवशिवतात ते “अहो, काही काळजी करू नका, चित्रावरून तर एकदम आनंदी वाटतेय” असं लिहायला. हे लिहू नका. चित्रावरून मूल दुःखी आहे असं म्हणणं जितकं बिनबुडाचं, तितकंच चित्रावरून ते आनंदी आहे असं म्हणणंही बिनबुडाचं. दिलासा देतानाही आपण अर्थच लावत असतो. फक्त गोड लावतो, म्हणून तो खपून जातो. आणि एकदा तुम्ही चित्र बघून ‘आनंदी’ म्हटलंत की पुढच्या महिन्यातल्या चित्राला आई तुमच्याकडे पुन्हा निकाल मागायला येणार.

त्याऐवजी जे तुम्ही स्वतः पाहिलंय ते सांगा. साधारण असं: “कसंतरी झालं ते लिहिलंत ते बरं केलंत. चित्रावरून तिच्या मनात काय आहे ते मला सांगता येणार नाही, आणि या वयात हात न काढणं, एक माणूस मोठं आणि एक छोटं होणं हे मुलांच्या चित्रांत नेहमीच होतं. लाइट गेले म्हणाली, तर मी तेवढंच धरते. वर्गात या आठवड्यात ती गोष्टीच्या वेळी पुढे येऊन बसते, डबा संपवते, वाळूत दोघी-तिघींबरोबर खेळते. बाबा बाहेरगावी असल्याबद्दल ती घरी काही बोलते का? झोपेत, खाण्यात, चिकटून राहण्यात काही फरक वाटतोय का? तसं असेल तर आपण भेटून बोलू, शनिवारी मला चालेल.”

बघा, बाबांच्या नसण्याबद्दल आपण विचारलं, कारण तो विषय आईने स्वतः काढला आणि ती घरातली खरी गोष्ट आहे. त्याचा धागा चित्रातल्या छोट्या माणसाला जोडला नाही. वर्गातलं वर्णनही तुम्ही पाहिलेलं असेल तेवढंच लिहा. या आठवड्यात ती गोष्टीच्या वेळी मागे बसली असेल तर तेही तसंच सांगा, आईला आश्चर्य वाटलं तरी.

चिऊ कागद घेऊन आली तर उभ्या उभ्या “वा वा” करून दप्तरात परत ठेवायला लावू नका. तिच्या उंचीला बसा, कागद तिने धरला तसा बघा आणि जरा वेळ काहीच बोलू नका. मग “याबद्दल काही सांगायचंय का मला?” एवढं विचारा. “हे काय आहे?” या प्रश्नात चित्रातलं आपल्याला ओळखता आलं नाही, हे तिला लगेच कळतं. ती बोलली तर तिची वाक्यं जशीच्या तशी, ‘लाईट गेलती’ म्हणाली तर ‘गेलती’च, कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, खाली तारीख घाला. पुढच्या बाजूवर नाही, तो कागद तिचा आहे. ती न बोलता झोपाळ्याकडे पळाली तर पळू द्या. दिवस संपताना कागद घरी परत गेला पाहिजे.

हा फोटो शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकून “काय वाटतं?” असं विचारू नका. एका फोटोवर सहा जणी सहा अर्थ सांगतील आणि त्यातला सगळ्यात भीतीदायक तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहील. वर्गाच्या पालक ग्रुपवर तर कौतुक म्हणूनही नको. आईने ते फक्त तुम्हाला पाठवलंय.

एक सीमारेषा मात्र ठाम ठेवा. काळजी करायची ती मुलाच्या वागण्यातल्या बदलावरून आणि मुलाच्या शब्दांवरून. झोप मोडते, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालंय, खेळायला नकार देते, कुणा ठरावीक माणसाजवळ जायला रडते, आणि हे दोन-तीन आठवडे टिकून आहे, तर चित्र कितीही रंगीबेरंगी असलं तरी मुख्याध्यापिकांना सांगा आणि आईला बालरोगतज्ज्ञांकडे जायला सुचवा; पुढे समुपदेशक लागला तर ते सांगतील. आणि चित्र दाखवताना किंवा कधीही चिऊने स्वतःहून असं काही सांगितलं की कुणी तिला मारतं किंवा नको तिथे हात लावतं, तर खोदून प्रश्न विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा, तिचे शब्द आणि वेळ लगेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापिकांना कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आपापसात मिटवण्याची ती बाब नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. अशा वेळी चित्र जपून ठेवा, पण अर्थ त्यातून काढत बसू नका. महत्त्वाचे तिचे शब्द.

चिऊच्या बाबतीत यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा आज तुमचं काम वरच्या मेसेजपुरतंच आहे. आणि तुमचं उत्तर आवडलं म्हणून आई आता दर दोन दिवसांनी न बोलता फोटो पाठवू लागली, तर प्रत्येकाला एवढं मोठं उत्तर द्यायची गरज नाही. दिसलेली एकच नवी गोष्ट लिहा: “आज माणसाला मान आली!” किंवा “यावेळी कागदाची चारही टोकं भरली.” त्यासाठी मात्र फोटो एकदा मोठा करून खरोखर बघावा लागतो.